सोळावरून चारवर, आणि मग चारवरच

“मॅडम, मी रोज १६ सिगारेटी ओढत होतो. आठ महिन्यांत हळूहळू ४ वर आणल्या, पण त्यापुढे गाडी हलत नाही. एकदम सोडली तर अंगावर उलटते असे सगळे सांगतात. हळूहळूच सोडायची की एकदम?”

हा प्रश्न घेऊन आलेल्या ४४ वर्षांच्या गृहस्थांना मी आधी त्या ४ सिगारेटी कोणत्या, एवढेच विचारले. (ओळख पटू नये म्हणून येथे काही तपशील बदलले आहेत.) पहिली सकाळी उठल्याउठल्या चहाबरोबर, दुसरी दुपारच्या डब्यानंतर, तिसरी घरी निघताना टपरीवर आणि चौथी रात्री जेवणानंतर. म्हणजे ज्या १२ सुटल्या, त्या सवयीने हातात येणाऱ्या होत्या. ज्यांची खरी ओढ होती त्या चारही जागच्या जागी होत्या आणि इतर कमी झाल्यामुळे त्यांची गोडी वाढली होती. श्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजणाऱ्या यंत्रावर आकडा १५ आला. न ओढणाऱ्यांचा तो साधारणपणे १० च्या खाली असतो. सिगारेटींची संख्या घटली की माणूस नकळत लांब झुरके घेतो आणि फिल्टरपर्यंत ओढतो, त्यामुळे धूर त्या प्रमाणात घटत नाही. त्यांनाही हे आठवून पटले.

‘अंगावर उलटते’ ही भीती बहुधा दारूवरून आलेली असावी. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू, किंवा दीर्घकाळ घेतलेल्या काही झोपेच्या गोळ्या, डॉक्टरांना न विचारता एकाएकी थांबवणे खरोखरच धोक्याचे असते. निकोटिनचे तसे नाही. चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड आणि वाढलेली भूक पहिल्या आठवड्यात जोरात असते व साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरते. त्रास होतो, पण जिवावर बेतत नाही.

इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६९७ धूम्रपान करणाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले होते. एका गटाने दोन आठवड्यांत सिगारेटी सुमारे तीन-चतुर्थांशाने कमी करून ठरलेल्या दिवशी थांबायचे होते. दुसऱ्याने त्या दिवसापर्यंत नेहमीसारखे ओढून एकदम थांबायचे होते. निकोटिनच्या पट्ट्या आणि परिचारिकांचे समुपदेशन दोघांनाही होते. चार आठवड्यांनी एकदम थांबणाऱ्यांपैकी ४९ टक्के आणि हळूहळू थांबणाऱ्यांपैकी ३९ टक्के सिगारेटीपासून दूर होते. सहा महिन्यांनी हे प्रमाण अनुक्रमे २२ आणि साडेपंधरा टक्क्यांवर आले. मला यात सर्वांत बोलका वाटणारा भाग वेगळाच आहे: हळूहळूच्या गटातील कमी लोकांनी ठरलेल्या दिवशी मुळात थांबून पाहिले. उतरण उतरल्यावर शेवटची उडी मारायची राहून गेली.

मात्र एवढ्यावर निकाल देणे घाईचे ठरेल. संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात अशा २२ चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा दीर्घकालीन यशात दोन्ही पद्धतींत ठळक फरक दिसला नाही. पण या चाचण्यांमधील ‘हळूहळू’ला शेवट होता. आमच्या गृहस्थांच्या ‘हळूहळू’ला तारीखच नव्हती, ती सोडण्याची पद्धत राहिली नव्हती, कमी ओढण्याचा नेम झाला होता. हे निष्कर्ष प्रामुख्याने सिगारेटींचे आहेत, त्यामुळे तंबाखू मळणाऱ्यांना किंवा मशेरी लावणाऱ्यांना मी हेच आकडे जसेच्या तसे सांगत नाही.

आम्ही १० दिवसांनंतरचा एक रविवार ठरवला आणि त्याआधी ४ च्या ३ करण्याचा खटाटोप मुद्दाम टाळला. डॉक्टरांनी २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम दिला. तो सतत चघळायचा नसतो. तिखट चव आली की थांबून गालात ठेवायचा आणि चव गेली की पुन्हा चघळायचा. पहिल्या दोन दिवसांत ते तो साध्या च्युइंगगमसारखा चघळून, रस गिळून मोकळे झाले, उचक्या लागल्या आणि ‘गमचा उपयोग नाही’ असा फोन आला. सकाळच्या चहाऐवजी काही दिवस ताक घ्यायचे आणि संध्याकाळी टपरीचा रस्ता टाळायचा, हे त्यांनीच सुचवले.

सोडल्यानंतर नवव्या दिवशी टपरीवर मित्राच्या पाकिटातली एक ओढली गेली. तेव्हा ते ‘आता पुन्हा ४ वर येतो आणि नव्याने उतरवतो’ असे म्हणू लागले. मी नकार दिला: ती एक झाली, आता उद्याचा आकडा शून्यच धरा. सहाव्या महिन्यात यंत्रावर ३ आला. गम मात्र दिवसाला दोन अजून सुरू होते आणि ते कधी थांबवायचे यावर आमचे बोलणे चालू आहे.