गुणांच्या तक्त्यात किमतीला ४० भारांक दिला, तरी निकाल किंमतच का ठरवते?

*प्रश्न: संगणकांच्या देखभालीच्या कंत्राटासाठी तीन कोटेशन आली आहेत. फक्त कमी दर बघून निवड करायची नाही म्हणून निकषांना भारांक देऊन तक्ता केला, किंमत १०० पैकी ४० ठेवली. तरी महागडा पण चांगला पुरवठादार थेट तळाला गेला. चूक कुठे झाली?*

बहुतेक वेळा चूक भारांकात नसते. दराचे गुणांत रूपांतर ज्या सूत्राने केले, त्यात असते. भारांकावर बैठकीत तासभर वाद होतो आणि सूत्र मात्र जो एक्सेल भरतो तो आपल्या मनाने टाकतो. तुमच्यासारखेच एक उदाहरण घेऊन दाखवतो.

तीन वर्षांचा देखभाल करार, पुरवठादार क, ख आणि ग. सर्वात कमी दराला १०० मानले तर त्यांचे दर १००, ११२ आणि १४०. किंमत सोडून बाकीच्या निकषांना ६० भारांक आहे. प्रत्येक निकषावर ० ते ५ गुण दिले, असे:

| निकष | भारांक | क | ख | ग |
|---|---|---|---|---|
| दुरुस्तीला लागणारा वेळ | २५ | २ | ४ | ५ |
| तंत्रज्ञांचा अनुभव | २० | ३ | ४ | ४ |
| सुटे भाग हाताशी असणे | १५ | २ | ४ | ५ |

गुणाला ५ ने भागून भारांकाने गुणले की दर्जाचे गुण ६० पैकी असे येतात: क २८, ख ४८, ग ५६. इथपर्यंत कुणाचा वाद नसतो.

आता किंमत. एक प्रचलित पद्धत अशी की सर्वात स्वस्ताला पूर्ण गुण, सर्वात महागाला शून्य आणि मधल्यांना त्या प्रमाणात. मग क ला ४०, ख ला २८ आणि ग ला ०. एकूण क ६८, ख ७६, ग ५६. दर्जात सर्वात वरचा ग तळाला. तुमच्याकडे बहुधा हेच झाले असावे. या पद्धतीत स्वस्त आणि महाग यांच्यात कायम पूर्ण ४० गुणांचे अंतर पडते, मग दरातला फरक केवढाही असो. दर १०० आणि १०४ असते, तरी त्या ४ च्या फरकासाठी ४० गुण गेले असते.

दुसरी पद्धत: सर्वात कमी दर भागिले त्या पुरवठादाराचा दर, गुणिले ४०. मग क ला ४०, ख ला ३५.७, ग ला २८.६. एकूण क ६८, ख ८३.७, ग ८४.६. दर तेच, दर्जाचे गुण तेच, भारांक तेच; तळाचा ग पहिला आला. मी साधारणपणे हीच पद्धत वापरतो, कारण इथे दरातला फरक जेवढा, साधारण त्या बेताने गुण कमी होतात. एक्सेलमध्ये दुसऱ्या ओळीत दर, चौथ्या ते सातव्या ओळीत १०० पैकी गुण (५ पैकी गुण गुणिले २०) आणि B स्तंभात भारांक ठेवले, तर C4 मध्ये पहिले सूत्र आणि C8 मध्ये दुसरे:

```
=MIN($C$2:$E$2)/C2*100
=SUMPRODUCT($B$4:$B$7,C4:C7)/SUM($B$4:$B$7)
```

या पद्धतीलाही एक खोट आहे. अवाच्या सवा कमी दराचा चौथा कुणी आला, समजा ७० चा, तर भागाकाराचा आधारच बदलतो. ख चे किमतीचे गुण ३५.७ वरून २५ वर येतात, ग चे २८.६ वरून २० वर. दोघांतले ७.१ चे अंतर ५ वर येते आणि ग ची आघाडी ०.९ वरून ३ होते. म्हणजे ज्याला काम मिळणारच नाही, तो उरलेल्यांतला निकाल हलवतो. म्हणून दर्जासाठी किमान पात्रता ठेवा, उदाहरणार्थ ६० पैकी ३६, आणि त्याखालच्यांचे दर हिशेबातच धरू नका. या उदाहरणात मग क सुद्धा बाहेर पडतो, ख चा दर आधार बनतो आणि सगळे गुण नव्याने मोजावे लागतात: ख ८८, ग ८८. अगदी बरोबरी! म्हणूनच किमान पात्रता आणि सूत्र या दोन्ही गोष्टी दर उघडण्याआधी कागदावर हव्यात. नंतर ठरवल्या, तर हवा तो विजेता काढता येतो आणि हरलेला पुरवठादार ते बरोबर ओळखतो.

आता दुसरी गोष्ट, दर्जाचे गुण. समितीतल्या सगळ्यांनी सगळ्यांना ३ किंवा ४ दिले, तर ६० भारांक कागदावरच राहतो. सुट्या भागांसाठी तिघांनाही ४ मिळाले, तर त्या १५ भारांकाचा निवडीवर काहीच परिणाम होत नाही आणि निर्णय आपोआप किमतीकडे सरकतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक आकड्याचा अर्थ आधी लिहून ठेवणे. दुरुस्तीच्या वेळेसाठी असा: ५ म्हणजे ४ तासांत तंत्रज्ञ जागेवर, हे करारात लिहून दिलेले आणि उशीर झाला तर दंड मान्य. ३ म्हणजे दुसऱ्या कामाच्या दिवशी, लेखी. १ म्हणजे ‘लवकरात लवकर’ एवढेच. मधले २ आणि ४ आपोआप समजतात. असे लिहिले की ‘त्यांची सर्व्हिस चांगली आहे हो’ या वाक्याला किती गुण द्यायचे, हा प्रश्नच उरत नाही. शिवाय गुण प्रत्येकाने वेगवेगळे भरायचे, दरांचे आकडे न बघता. एकाच निकषावर दोघांत २ किंवा जास्त गुणांचा फरक पडला, तर कोटेशनमधले नेमके कुठले वाक्य वाचून गुण दिले ते दाखवायचे. सरसकट सरासरी काढून वाद मिटवू नका; बऱ्याचदा एकाने ते पानच वाचलेले नसते.

दर तुलनेला घेण्याआधी एका पातळीवर आणा, हेही सांगायला हवे. एकाच्या दरात सुटे भाग धरलेले, दुसऱ्याच्या दरात फक्त मजुरी, तिसरा दुसऱ्या वर्षापासून दर वाढवणार, असे असेल तर १०० आणि ११२ ची तुलना निरर्थक आहे. तीन वर्षांत एकूण किती जाणार, तोच आकडा सूत्रात टाका.

आणि शेवटी ०.९ गुणांच्या आघाडीचे काय? किमान पात्रता बाजूला ठेवून मूळ तक्त्यात किमतीचा भारांक ४० ऐवजी ४५ करून बघा, बाकीचे त्याच प्रमाणात कमी करून. ख ८४.२, ग ८३.५, पहिला क्रमांक फिरला. भारांक ४ ते ५ ने हलवून विजेता बदलत असेल, तर तक्ता ‘दोघे सारखे’ असे सांगतो आहे. तेव्हा दशांशावर विसंबू नका, सरळ व्यवहाराचा प्रश्न विचारा: दर्जाचे ८ गुण जास्त मिळवायला २८ जास्त मोजायचे का? संगणक बंद पडला की तुमचे सगळे काम ठप्प होत असेल, तर हो. एखादा दिवस चालून जात असेल, तर मी ख घेईन आणि त्याच्याकडून ४ तासांची अट करारात लिहून मागेन.