इस्त्री मधूनच तापते? आधी वायर हलवून बघ

प्लग काढ, इस्त्री पूर्ण थंड होऊ दे. उघडायची घाई नको. डायल 'ऑफ'वरून पुढे फिरव आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्लगच्या दोन बारीक पिनांवर लाव. १००० वॅटच्या इस्त्रीला साधारण ५० ओहम दिसायला हवेत. आता वायर इस्त्रीत शिरते तिथे, रबरी बाहीपाशी, हळूहळू वाकव. आकडा उडाला की समज, आतली तांब्याची तार तुटली आहे. मधूनच तापणाऱ्या दहातल्या निम्म्या इस्त्र्यांत मला हेच सापडलं. टेप गुंडाळून भागवू नकोस. तीन तारांची, कापडी वेष्टनाची नवी वायर घाल.

आकडा स्थिर राहिला, पण डायल फिरवताना येतो-जातो, तर थर्मोस्टॅट बघ. त्याचे पॉइंट काळे पडलेले असतात. परवा शेजारच्या काकूंच्या इस्त्रीत ४० ओहम जास्त दाखवत होतं. बारीक पॉलिश पेपरची पट्टी पॉइंटांमधून दोनदा ओढली, आकडा जागेवर आला. पत्ती मात्र वाकवू नकोस, तापमानच बिघडतं.

काहीच दाखवत नसेल तर वायरची एकेक तार, मग थर्मल फ्यूज तपास. फ्यूज उडालेला असेल तर त्याच तापमानाचा नवा लाव, तोही क्रिंप करून, कारण डाख वितळतो. फ्यूज वगळून तारा थेट जोडून टाकायच्या नाहीत! आणि तो उडाला म्हणजे थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटले असण्याची शंका घे.

बंद करण्याआधी अर्थची मोठी पिन आणि तळाचा पत्रा जोडलेले आहेत ना, तेही मीटरने बघ.