पोदेर एक, वहिनी तीच

पत्र : मी फोंड्याला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोबाइलवर छोटी विनोदी स्किट करून टाकायची आहेत. सोबत कुणी नाही, खर्चाला दोन हजार रुपये आहेत. एकट्यानेच दोन पात्रं कशी लिहायची आणि करायची? वडील म्हणतात, आधी कॅमेरा घे, मग बोल.

उत्तर : कॅमेरा नको. त्या पैशांतून साधा तारेचा कॉलर माइक आणि ट्रायपॉड घे. अंधूक चित्र लोक चालवून घेतात, घुमणारा आवाज ऐकला की पुढे सरकतात.

खरी मेहनत लिखाणात आहे. दोन्ही पात्रं तूच, म्हणजे ती एका चौकटीत दिसणार नाहीत. तेव्हा एकमेकांना हात लावण्याचा प्रसंग लिहूच नकोस. समज, जागा तुमच्या घरचा सोपा, म्हणजे पुढची ओसरी. वहिनी बसलेली, दारोदार पाव विकणारा पोदेर पायरीखाली सायकल धरून उभा :

वहिनी : पाव रोज लहान होतोय रे.
पोदेर : पाव तेवढाच आहे, वहिनी. टोपली मोठी घेतली मी.
वहिनी : मग पैसे मी मोठ्या पिशवीतून देते. तुला कमी वाटतील.

एक बसलेली, एक उभा. त्यामुळे वहिनीची नजर वर जाते, पोदेराची खाली, आणि खांद्यावरचा पदर नि डोक्यावरची टोपी एवढ्यावर माणूस बदलतो. पाव देण्याच्या जागी फक्त पिशवी धरलेला हात दाखव, तोही तुझाच.

चुकतं ते नजरेत. वहिनी कॅमेऱ्याच्या उजवीकडे बघत असेल, तर पोदेराने डावीकडेच बघायला हवं. दोघंही एकाच बाजूला बघू लागले, तर ती एकमेकांशी नव्हे, तिसऱ्याच कुणाशी बोलताहेत असं वाटतं. समोर केरसुणी उभी कर, तिच्यावर समोरच्या पात्राच्या डोळ्यांच्या उंचीला चिकटपट्टी लाव आणि तिच्याशी बोल. (शेजारी हसतील, हसू देत.)

आधी पोदेराची सगळी वाक्यं सलग घे, मग कपडे बदलून वहिनीची. वहिनी करताना पोदेराचा आवाज एका कानात ऐक, म्हणजे उत्तराचा वेग जमतो. तुझं वाक्य मात्र त्याच्यावर चढू देऊ नकोस, नाहीतर काटछाट करताना अडकशील. शेवटी दोघांचं प्रत्येकी दहा सेकंद नुसतं ऐकणं घे, एक शब्दही न बोलता. विनोद पुष्कळदा त्याच चेहऱ्यावर फुटतो, आणि फसलेलं वाक्य झाकायलाही तोच कामी येतो.

सोप्यावर ऊन उतरू लागलं की अर्ध्या तासात सावली सरकते. पोदेर उन्हात आणि वहिनी सावलीत दिसली, तर दोघं एका घरातली वाटत नाहीत. म्हणून सबंध सावलीच्या वेळी बस आणि दोन्ही पात्रं एका दमात उरक. खरा पोदेर भोंगा वाजवत येण्याची वेळ मात्र टाळ.

कॉलेज सोडू नकोस. अशी तीन स्किटं एकाच सोप्यावर कर, मग वडिलांसोबत मला भेटायला ये. येताना कच्चं चित्रीकरणही घेऊन ये.