लेखाखालचा लेखक-परिचय

आपण पाठवलेला परिचय वाचला. नोकरी बँकेत आणि स्तंभ पीककर्जावर, असे असताना पहिले वाक्य मात्र ‘लहानपणापासून लेखनाची आवड’ असे आहे. नुकताच लेख वाचून संपवलेल्या वाचकाला एवढेच जाणून घ्यायचे असते, की या विषयावर लिहिणारी व्यक्ती तो विषय कोठून पाहते. म्हणून परिचयातील कवितेचे पुरस्कार आणि गिर्यारोहण निःसंकोच काढून टाकावे. (संपादकाला जागा कमी पडली, तर तो शेवटचे वाक्य आधी कापतो, हेही ध्यानात असू द्या.)

मी असे लिहीन: ‘लेखिका सहकारी बँकेच्या कर्जविभागात 2012 पासून कार्यरत असून डाळिंब बागायतदारांच्या कर्जप्रकरणांची छाननी करतात. लेखातील मते वैयक्तिक आहेत.’

‘गेली काही वर्षे’ लिहिण्याऐवजी सन द्यावे, कारण दिवाळी अंकाचा मजकूर महिनोन्‌महिने आधी जातो आणि अंक पुढेही वाचला जातो. बँकेचे नाव घालण्यापूर्वी वरिष्ठांची लेखी परवानगी घ्यावी. ती नसेल तर वरच्यासारखा नुसता प्रकार सांगावा. मात्र एखाद्या लेखात आपल्याच बँकेच्या योजनेची चर्चा असेल, तर आपला तिच्याशी असलेला संबंध लपवू नये: त्या वेळी परवानगी मिळवावी, अन्यथा विषय बदलावा, कारण ‘मते वैयक्तिक’ या दोन शब्दांनी हितसंबंध झाकला जात नाही. प्रत्येक लेखासोबत परिचय पुन्हा तपासून पाठवावा. बदली झाल्यावरही जुनाच मजकूर छापला गेल्याचे मी पाहिले आहे.