‘ण’ आलं तर काय करायचं?

अगं, गुरुजींनी बाळाच्या नावासाठी हस्त नक्षत्र, तिसरा चरण, अक्षर ‘ण’ सांगितलं म्हणून घाबरू नकोस. माझ्या भाचीच्या मुलीलाही हेच आलं होतं. दादरच्या घरात पाळणा बांधून तयार आणि नावाचा पत्ता नाही!

‘ण’ने मराठीत नाव सुरूच होत नाही. अशा वेळी त्याच नक्षत्रातलं दुसरं अक्षर घेतात. हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. त्यातल्या ‘पू’वरून आम्ही ‘पूर्वा’ ठेवलं. तेही आवडलं नाही तर कन्या राशीतली बाकीची अक्षरं आहेत: टो, पा, पी, पे, पो. ‘पा’वरून ‘पावनी’ किती छान वाटतं! पण ‘पू’ हवं असताना ‘पल्लवी’ चालणार नाही, कारण स्वरही जुळावा लागतो.

आधी एक कर. जन्मवेळ दवाखान्याच्या कागदावरून नीट बघून घे. चंद्र एका चरणात साधारण सहा तासच असतो, त्यामुळे जन्म चरणाच्या सीमेजवळ असेल तर थोड्या मिनिटांनीही अक्षर बदलतं. अंदाजे वेळ सांगून काढलेलं अक्षर मी तरी धरणार नाही.

आणि वेगळंच नाव मनात असेल तर नावरस नाव पत्रिकेत राहू दे, आत्याने बारशाला तेही कानात सांगावं. जन्मदाखल्यावर मात्र हाक मारायचं नावच घाल. दाखल्यावर एक आणि शाळेत दुसरं झालं की पुढे प्रत्येक कागदाला त्रास होतो.