सेट-टॉप बॉक्सचं रिझोल्यूशन बदलण्याआधी मागची वायर बघा

प्रश्न: ४३ इंची फुल एचडी टीव्ही घेतला, केबलवाल्याकडून एचडी पॅकही चालू करून घेतलं, तरी चित्र धुरकट दिसतं. बॉक्सचं रिझोल्यूशन कसं बदलायचं? केबलवाला म्हणतो बॉक्सच बदलावा लागेल. खरंच लागतो का?

उत्तर:

मी परळ-लालबाग भागात टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स बसवायची कामं करतो. अशी तक्रार आली की रिमोट हातात घ्यायच्या आधी मी टीव्हीच्या मागे बघतो. तुम्हीही तेच करा. बॉक्समधून टीव्हीकडे कोणती वायर गेली आहे? लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन पिना असतील, तर सेटिंगमध्ये काहीही बदललंत तरी चित्र सुधारणार नाही. चपट्या तोंडाची एकच एचडीएमआय वायर असेल, तर पुढचं वाचा.

त्या तीन पिनांपैकी लाल आणि पांढरी आवाजासाठी असतात. सगळं चित्र एकट्या पिवळ्या वायरमधून जातं, उजेड-अंधार आणि रंग दोन्ही एकत्र मिसळून. टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात आणि ते कधीच पूर्ण वेगळे होत नाहीत. म्हणून बारीक रेघांचा शर्ट घातलेला निवेदक आला की शर्टावर रंगीत लहरी हलताना दिसतात, आणि बातम्यांच्या पट्टीतल्या लाल अक्षरांच्या कडा पसरतात. शिवाय ही वायर जुन्या डब्बा टीव्हीच्या काळातली आहे, त्यामुळे तिच्यातून ५७६ ओळींपेक्षा मोठं चित्र जातच नाही. बॉक्स एचडी असला आणि चॅनल एचडी असला, तरी बॉक्स ते चित्र आधी लहान करतो आणि मग पिवळ्या पिनेतून सोडतो. पैसे एचडीचे जातात आणि घरात साधं चित्र दिसतं. मी गेलो त्या बऱ्याच घरांत एवढीच भानगड निघाली.

फरक किती, ते आकड्यात सांगतो. साध्या चॅनलचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत. फुल एचडी चित्र १९२० बाय १०८० ठिपक्यांचं, म्हणजे वीस लाखांच्या वर. बरोबर पाचपट. तुमच्या ४३ इंची पडद्यावर वीस लाख ठिपके आहेतच. त्यांना चार लाखांचं चित्र मिळालं, तर उरलेले ठिपके टीव्ही अंदाजाने भरतो. जुन्या २१ इंची टीव्हीवर हे जाणवत नव्हतं. पडदा मोठा झाला की लगेच जाणवतं, म्हणूनच नवा टीव्ही आणल्यावर लोकांना जुनं कनेक्शन अचानक खराब वाटायला लागतं.

आता बॉक्सकडे वळू. तुमचा केबलवाला खोटं बोलत असेलच असं नाही. मुंबईत २०१२ च्या शेवटी केबल डिजिटल झाली, तेव्हा घरोघरी जे बॉक्स बसले त्यातले पुष्कळ साधे, एसडी होते. चॅनल आपल्यापर्यंत दाबून लहान करून पाठवलेलं असतं आणि बॉक्समधली चिप ते उलगडते. जुन्या बॉक्सची चिप एमपेग-२ नावाची पद्धत ओळखते. एचडी चॅनल एमपेग-४ पद्धतीने येतात. हे उलगडायचं काम चिपच्या आत पक्कं बसवलेलं असतं, त्यामुळे सॉफ्टवेअर अपडेट करून जुना बॉक्स एचडी होत नाही. एमपेग-४ ओळखणारेही काही एसडी बॉक्स आहेत, पण मोठ्या आकाराचं चित्र उलगडण्याइतकी ताकद त्यांच्यात नसते.

मागे एचडीएमआयचं भोक आहे म्हणजे बॉक्स एचडी आहे, असंही समजू नका. काही एसडी बॉक्सनाही ते असतं. तिथे वायर सुधारते, रंग स्वच्छ येतात, पण चित्र चार लाख ठिपक्यांचंच राहतं. खात्री करायची तर बॉक्सच्या पुढच्या बाजूला किंवा खालच्या स्टिकरवर HD लिहिलंय का बघा, आणि मग एखाद्या एचडी चॅनलचा नंबर दाबा. एचडी चॅनलचा नंबर साध्या चॅनलपेक्षा वेगळा असतो, हे घरातल्या सगळ्यांना सांगा. पॅक घेऊनही महिनोन् महिने जुनाच नंबर दाबणारी माणसं मी रोज बघतो. नंबर दाबल्यावर पॅक घेतलं नसल्याची सूचना आली, तर बॉक्सला चॅनल सापडलं आहे आणि फक्त केबलवाल्याने ते चालू करायचं आहे. यादीत चॅनलच नसेल, किंवा आवाज येतो आणि पडदा काळा राहतो असं असेल, तर बॉक्सच्या आवाक्याबाहेरचं काम आहे आणि तो बदलावाच लागेल.

बॉक्स एचडी आहे आणि वायर एचडीएमआय आहे असं धरून रिझोल्यूशनकडे येऊ. टीव्हीच्या रिमोटवर Source किंवा Input दाबून वायर ज्या भोकात आहे तो HDMI निवडा. मग बॉक्सच्या रिमोटवर Menu, त्यात Settings किंवा Setup, आणि त्याखाली Display, Video किंवा TV Settings अशा नावाचा भाग शोधा. कंपनीप्रमाणे नावं बदलतात, पण आत गेल्यावर 576p, 720p, 1080i, 1080p असे पर्याय दिसतील. तिथेच Aspect Ratio असेल, ते 16:9 करा. 4:3 वर राहिलं असेल तर माणसं जाडी किंवा उंच दिसतात, किंवा बाजूला काळे पट्टे येतात. पर्याय निवडल्यावर काही बॉक्स OK दाबून पक्कं करायला सांगतात आणि तुम्ही थांबलात तर थोड्या सेकंदांनी जुनंच सेटिंग परत आणतात. ही सोय चांगली आहे, घाबरू नका.

कोणता पर्याय निवडायचा? आपल्याकडचे एचडी चॅनल बहुतेक 1080i मध्ये येतात. त्या i चा अर्थ असा की आधी विषम ओळी येतात, मग सम ओळी, आणि सेकंदाला अशी ५० अर्धी चित्रं. कोणीतरी त्या ओळी जुळवून पूर्ण चित्र करायचं असतं. 1080i ठेवलंत तर ते काम टीव्ही करतो, 1080p ठेवलंत तर बॉक्स करतो. माझ्या मते फुल एचडी टीव्हीवर आधी 1080i ठेवा, कारण नव्या टीव्हीतली चिप बहुधा बॉक्समधल्या चिपपेक्षा चांगली असते. मग बातम्यांचं चॅनल लावून खालची सरकती पट्टी बघा. अक्षरांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या तर 1080p करून बघा आणि जे स्वच्छ दिसेल ते ठेवा.

हे सगळं करताना हमखास होणारा एक घोटाळा सांगतो. लालबागच्या एका घरी ३२ इंची जुना एचडी रेडी टीव्ही होता. मुलाने बॉक्स 1080p वर नेला आणि पडदा काळा पडला, वर फक्त टीव्हीची सूचना की हा फॉरमॅट चालत नाही. त्या पडद्यावर १३६६ बाय ७६८ ठिपके असतात. त्यातले बरेच जुने टीव्ही 720p आणि 1080i घेतात, पण 1080p घेत नाहीत. आता मेनूच दिसत नाही म्हटल्यावर सेटिंग मागे कसं न्यायचं? मी तीच पिवळी, लाल, पांढरी वायर बॉक्सपासून टीव्हीच्या AV भोकाला जोडली आणि Source मध्ये AV निवडलं. त्या बॉक्समधून दोन्ही वायरींवर एकाच वेळी चित्र येत होतं, त्यामुळे मेनू दिसला, 720p निवडलं, आणि पुन्हा एचडीएमआयवर गेल्यावर सगळं सुरळीत. काही बॉक्सच्या रिमोटवर रिझोल्यूशन बदलायचं वेगळं बटण असतं, तिथे वायर जोडायची गरज पडत नाही. म्हणून जुनी AV वायर टाकून देऊ नका.

सेटिंग बसलं की नाही ते टीव्हीच्या रिमोटवरचं Info दाबून कळतं. बऱ्याच टीव्हींवर वरच्या कोपऱ्यात 1920x1080 किंवा 1080i असं येतं. पण हा आकडा बॉक्स काय पाठवतोय ते सांगतो, चॅनल कोणत्या दर्जाचं आहे ते सांगत नाही. 1080i ठेवल्यावर बॉक्स साधं चॅनलही ताणून मोठं करून पाठवतो, म्हणजे Info मध्ये 1080i आणि डोळ्यासमोर धुरकट, असं होऊ शकतं. म्हणून तपासणी नेहमी एचडी नंबरवरच करा.

एचडीएमआय वायरीवर फार खर्च करू नका. बॉक्स टीव्हीच्या जवळच असतो, दीड-दोन मीटरची साधी High Speed लिहिलेली वायर भरपूर झाली. तिच्यातून जातात ते आकडे. ते नीट पोचले तर चित्र पूर्ण स्वच्छ, नाही पोचले तर पांढऱ्या ठिणग्या चमकतात किंवा पडदा क्षणभर काळा होतो. खराब एचडीएमआय वायरीमुळे चित्र धुरकट होत नाही. त्यामुळे धुरकट दिसतंय म्हणून कोणी महागडी वायर गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. चित्राचे चौकोनी तुकडे पडत असतील तर तो बाहेरून येणाऱ्या केबलच्या सिग्नलचा प्रश्न आहे, पावसाळ्यात गच्चीवरच्या जोडात पाणी गेलं की हे सर्रास होतं. त्यासाठी केबलवाल्यालाच बोलवा.

लॅमिंग्टन रोडला AV चं एचडीएमआय करणारी छोटी डबी मिळते, तिच्यावर 1080p लिहिलेलं असतं. ती पिवळ्या वायरीतलं तेच लहान चित्र ताणून देते, एचडी करत नाही. एसडी बॉक्सवर तो खर्च वाया जातो. ते पैसे एचडी बॉक्समध्ये घाला. केबलवाल्याला आधी विचारा की नवा बॉक्स भाड्याने आहे की विकत, जुन्याची अनामत परत मिळणार का, आणि जुना बॉक्स त्याच्या हातात देताना पावती घ्या.