फोटोवर दाढी रंगवण्याआधी केसांची दिशा ओळखा

तुम्ही संगणकावर दाढी रंगवून पाठवलेल्या फोटोत ती चिकटवल्यासारखी दिसते, याचे कारण रंग नसून दिशा आहे. गालापासून गळ्यापर्यंतचे सगळे केस तुम्ही सरळ खाली ओढले आहेत. गालावरचे केस साधारणपणे खाली आणि किंचित हनुवटीकडे झुकतात, मिशीचे नाकाखालच्या खळीपासून दोन्ही बाजूंना तिरपे खाली जातात, तर गळ्यावरचे बऱ्याच पुरुषांत वर, जबड्याकडे वळतात. त्या माणसाच्या गालावर खुंट दिसत असतील, तर फोटो मोठा करून त्यांचीच दिशा घ्यावी, कारण ती प्रत्येकाची थोडी वेगळी असते.

दाटपणाचेही तसेच आहे. मिशी आणि हनुवटी दाट ठेवा, पण खालच्या ओठाखाली दोन्ही बाजूंना अनेकांची त्वचा दिसते, ती बुजवू नका. गालावरची कड रेषेने न आखता शेवटच्या पट्ट्यात सुटे, आखूड केस काढावेत. केसांच्या खाली वेगळ्या थरावर, खालचा रंग गडद करणाऱ्या Multiply पद्धतीत, त्वचेपेक्षा थोडी गडद छटा फिकट पसरवली की केस त्वचेतून उगवल्यासारखे वाटतात. मात्र ती छटा जास्त झाली तर काजळी फासल्यासारखी दिसते. फोटो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवून पाहिला की दोन्ही गालांतला असमतोल लगेच कळतो.